थोरल्याच्या हातात काय द्यायचं?

"बाई, घरात दुसरं बाळ येणार. थोरला तीन वर्षांचा आहे. त्याला वाईट वाटू नये म्हणून काय आणून ठेवावं? आणि बाळानंच आणलंय म्हणून सांगितलं तर चालेल का?"

बेळगावच्या शहापुरात बालवाडी चालवते, त्यामुळे दर वर्षी दोन-तीन आया शाळा सुटताना मला दाराशी गाठून हेच विचारतात. पोट सातव्या-आठव्या महिन्याचं असतं आणि बोटाला थोरला लोंबकळत असतो. त्याच्यासमोर बोलता येत नाही, म्हणून मी "उद्या या" म्हणते. ते उद्याचं बोलणं आज सगळं एकत्र लिहिते.

आधी माझीच फजिती सांगते. माझा धाकटा जन्मला तेव्हा थोरला चार वर्षांचा होता. ह्यांनी बारशाच्या आदल्या दिवशी खडेबाजारातून लाल तीनचाकी सायकल आणली. आम्हाला वाटलं, पोरगं हरखून जाईल. हरखलं, पण अर्धा तासच. पायडल मारायला त्याला येत नव्हतं, अंगणात उतार, मागून कुणीतरी धरायला हवं. बारशाच्या घरात रिकामा माणूस कुठला? आजी घुगऱ्यांजवळ, आत्या पाळण्याजवळ, मी खाटेवर. तो ज्याच्या त्याच्यापाशी जाऊन "धर की" म्हणायचा आणि जो तो "थांब रे" म्हणायचा. संध्याकाळी त्यानं सायकल ढकलून गटारीत घातली. तेव्हा मला राग आला होता. नंतर कळलं, एरवी दिवसात जितक्या वेळा "थांब" ऐकावं लागलं असतं, त्याच्या दुप्पट आम्ही त्या सायकलीपायी ऐकवलं होतं.

म्हणून वस्तू निवडताना मी एकच बघते. ही वस्तू दुसऱ्या माणसाचे हात मागते का? सायकल मागते, पतंग मागतो, सेल घालायची गाडी तर सेल संपला की मागते. आणि त्या दिवसांत घरात हात शिल्लक नसतात.

हात सगळ्यात जास्त अडकतात ते दूध पाजताना. नवं बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं आणि सुरुवातीला एकेका वेळेला अर्धा तास सहज जातो. म्हणजे चार ते सहा तास आई एका जागी बसलेली, मांडीवर दुसरंच कुणीतरी, आणि थोरल्याला ती समोर दिसतेय पण मिळत नाही. शेजारपाजारची माणसं येऊन गेली तरी त्याला फारसं काही वाटत नाही. पण आई पदर ओढून बसली की बरोबर त्याच वेळी त्याला शी लागते, भूक लागते, नाहीतर तो पाळण्याची दोरी तोडायला निघतो. भेट द्यायची ती ह्या अर्ध्या तासासाठी, असं माझं मत. तीन वर्षांच्या पोराला "तुझ्यावरही प्रेम आहे" ही गोष्ट वस्तूच्या किमतीतून कळत नाही. आई माझ्याशीही काहीतरी करतेय, एका हातानं का होईना, हे कळतं.

माझ्या लेकीचं, स्वातीचं, दुसरं बाळंतपण माझ्याकडेच झालं. थोरला चिनू तेव्हा तीन वर्षं दोन महिन्यांचा. जावई सावंतवाडीकडचे, तेव्हा येताना चितार आळीतून लाकडी भातुकली आणायला सांगितली. आपल्याकडे गोकाकची लाकडी खेळणीही छान असतात, तीही चालली असती. त्यातलं सगळं मी दिलं नाही. पातेलं, पळी, दोन कप-बशा आणि चूल एवढंच एका जुन्या साडीच्या पिशवीत घातलं. बाकीचं माळ्यावर. तुकडे जास्त झाले की पोरं खेळत नाहीत, उधळतात. लाटण्याबरोबर आलेली इवलीशी सुपारीएवढी लाकडी फळं मी काढूनच टाकली. साधारण सव्वातीन सेंटीमीटरच्या भोकातून जी वस्तू आरपार जाते ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते, आणि तीन वर्षं परवाच पूर्ण झालेलं पोर अजून तोंडात घालतंच. शिवाय सहा-सात महिन्यांनी धाकटं रांगत तिथेच पोचणार.

ही खरेदी आठव्या महिन्यातच उरकून ठेवा. नंतर बाजारात कोण जातं?

दवाखान्यात मी पिशवी नेली नाही. पुष्कळजणी नेतात, पण मला ते पटत नाही. पहिल्या भेटीत पोराला आई हवी असते; तिथे पुडकं हातात दिलं की ते पुडक्यात गुंततं आणि आपण समजतो जमलं. चिनू आत आला तेव्हा बाळ पाळण्यात होतं, हे मात्र मी मुद्दाम केलं. स्वातीचे दोन्ही हात मोकळे. सिझेरियनचे टाके होते म्हणून पोटावर उशी धरून तिनं त्याला कुशीला घेतलं. बाळाकडे त्यानं पाच मिनिटं बघितलंच नाही. कुणी "बघ, बघ तुझा भाऊ" म्हणून ढकललंही नाही, कारण ढकलणाऱ्या दोघींना मी चहाला पाठवलं होतं.

पाचव्या दिवशी घरी आलो. पहिल्यांदा पाजायला बसायच्या आधी स्वातीनं स्वतःच्या हातानं पिशवी चिनूला दिली. म्हणाली, "चिनू, मला दूध पाजताना लई तहान लागते. तू च्या करून देतोस काय?" हे खोटं नव्हतं, पाजायला बसलं की बाईला खरंच घसा कोरडा पडल्यासारखी तहान लागते. चिनूनं तिथेच खाटेखाली चूल मांडली. स्वाती एका हातानं बाळ धरायची, दुसऱ्या हातानं कप घ्यायची, "साखर कमी पडली" म्हणायची, तो परत उकळायचा. मग मी खऱ्या पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवायला लागले, म्हणजे शेवटचा पेला तो खरा भरून द्यायचा. पाजणं झालं की पिशवी बंद, खुंटीला. ही खुंटी महत्त्वाची. दिवसभर खेळायला मिळाली असती तर तिसऱ्या दिवशी ती इतर खेळण्यांसारखीच कोपऱ्यात गेली असती.

एक चूक झालीच. सहाव्या की सातव्या दिवशी बाळाच्या दुपट्यात मला चुरमुरा सापडला. चिनू चहाबरोबर खायला म्हणून डब्यातले चुरमुरे बशीत घालत होता, आणि पाहुणचार सगळ्यांचा करायचा म्हणून बाळालाही. माझ्या पोटात गोळा आला. त्या दिवसापासून भातुकलीत खरं खाणं बंद. चुरमुरे नाहीत, फुटाणे नाहीत, शेंगदाणे तर नाहीतच. बाळ सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही घेत नाही, पाणीसुद्धा नाही, हे त्याला "बाळाच्या चहाचं भांडं आईपाशी आहे" असं सांगून पटलं. पण पटलं म्हणून दोघांना खोलीत एकटं सोडलं असं नाही. ते करूच नका.

आता "बाळानं आणलंय" म्हणायचं का, ते. सांगून टाकणाऱ्या आया पुष्कळ, आणि चार वर्षांच्या आतली पोरं मानतातही. एका मुलानं मात्र मला शाळेत विचारलं होतं, "बाई, बाळ पोटातनं दुकानात कसं गेलं?" ह्या प्रश्नाची मला भीती नाही. भीती आहे ती पुढच्या महिन्याची. थोरला बाळाच्या हातातलं खुळखुळं ओढतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "त्यानं तुला खेळणं आणलं होतं ना? मग त्याला दे की." म्हणजे भेट नव्हती, उधारी होती. म्हणून मी म्हणते, आईनं द्यावं आणि आईनंच दिलं म्हणावं.

बारशाला लोक बाळंतविडा आणतात, झबली, कुंची, चांदीचे वाळे आणतात. त्या वेळी थोरल्यासाठी प्रत्येकाकडून एक पुडकं निघेल अशी सोय करायच्या नादी लागू नका. चिनूला आम्ही पुडकी उघडायचं काम दिलं. त्याच्या मावशीनं त्याच्यासाठी एक शर्ट आणला, तेवढा पुरला. त्याला खुपलं ते वेगळंच. शेजारच्या कन्नड अक्का आल्या आणि मायेनं गाल ओढून म्हणाल्या, "ईग नी अण्णा आदी!" मग आमच्यातलेही सुरू झाले, आता तू दादा, आता तू मोठा, आता रडायचं नाही. त्या रात्री दादानं अंथरूण ओलं केलं. एरवी वर्षभर करत नव्हता. मी काही बोलले नाही, चादर बदलली. दोन-तीन आठवडे असं मागे जाणं होतं, बाटली मागणं, बोबडं बोलणं, आणि कुठलीही पिशवी ते पुरतं थांबवत नाही. पिशवीनं वाचले ते पाजायच्या वेळचे अर्धे-अर्धे तास, तेही सगळे नाहीत. रात्रीचे तर नाहीतच.

दीड वर्षाच्या आतल्या पोराला ह्यातलं काही कळत नाही, त्याला फक्त कडेवर घेणारं ओळखीचं माणूस द्या. सहा-सातच्या पुढचं पोर भातुकलीला हसेल. त्याला बापानं रविवारी एकट्याला किल्ला तलावावर फिरवून आणलं तर ती भेट.

चिनूची पिशवी महिनाभर चालली. मग एका दुपारी स्वाती बाळाला घेऊन बसली, पिशवी खुंटीलाच, आणि चिनू बाहेर गल्लीत पोरांबरोबर. तिनं खिडकीतून हाक मारली, "चिनू, माझा च्या कुठाय?"

गल्लीतून आवाज आला, "आज दुकान बंद हाय!"