तारेची मान

"सर, तार तुटायच्या आधी ग्राफ खाली कसा काय येतो ओ? वजन तर आपण वाढवतच असतो. मग शेवटी शेवटी स्ट्रेस कमी होतो का?"

नाही, होत नाही. तार जिथं तुटते तिथला स्ट्रेस अगदी शेवटच्या क्षणापर्यंत चढतच असतो. स्ट्रेस आणि लांबीतली वाढ यांचा ग्राफ खाली येतो तो आपल्या भागाकारामुळं. लावलेलं बल आपण तारेच्या सुरुवातीच्या क्षेत्रफळानं भागतो आणि शेवटपर्यंत तोच आकडा वापरतो. तार मात्र तोवर तेवढी जाड राहिलेली नसते.

एवढं उत्तर परीक्षेला पुरतं. पण विचारणाऱ्याचं समाधान होत नाही हे मला ठाऊक आहे, कारण त्याच्या प्रश्नात आणखी एक खरी अडचण आहे. वजनं लावून प्रयोग केला, तर खाली येणारा ग्राफ त्याला कधी दिसतच नाही. त्याच्या वहीत ग्राफ चढतो आणि संपतो, पुस्तकात मात्र तो वळून उतरतो. म्हणून हे जरा सावकाश सांगतो.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कुठल्याही मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात पंचवीस गेजची तांब्याची तार मिळते. ही तार मऊ केलेली असते, त्यामुळं आपल्या कामाला उत्तम. मात्र तिच्यावर इनॅमलचा थर असतो. थरासकट मोजलं तर स्क्रू गेज 0.54 मिलिमीटर दाखवतो, आतलं तांबं 0.50 च्या आसपास असतं. हा फरक किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो, म्हणून स्ट्रेस चौदा टक्के कमी दिसतो. तारेचं एक टोक कापून घ्यायचं, त्यावरचा थर जाळून पुसायचा आणि व्यास त्या तुकड्याचा मोजायचा. प्रयोगाच्या तारेला आच लावायची नाही.

व्यास 0.50 मिलिमीटर म्हणजे क्षेत्रफळ 0.196 चौरस मिलिमीटर. तार दीड मीटर घेऊ. एक टोक लाकडाच्या दोन ठोकळ्यांत घट्ट आवळायचं, दुसरं टेबलाच्या कडेच्या कप्पीवरून खाली सोडायचं. आधी थोडं वजन टांगून तार सरळ करायची आणि शून्य तिथून धरायचं, नाहीतर तारेचे बाक सरळ होतात तेच आपण लांबी वाढली म्हणून लिहून ठेवतो. आता अर्धा किलो चढवलं. बल 4.9 न्यूटन, स्ट्रेस 25 मेगापास्कल. तांब्याचा यंगचा गुणांक साधारण 120 गिगापास्कल, म्हणजे 1,20,000 मेगापास्कल. 25 ला त्यानं भागलं की स्ट्रेन येतो 0.0002, आणि दीड मीटरवर लांबी वाढते फक्त 0.3 मिलिमीटर. साध्या पट्टीला हे कळत नाही, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप लागतो. वजन काढलं की खूण परत जागेवर येते.

मऊ तांब्यात हा सरळ रेषेचा भाग लवकर संपतो. किलोभर वजनाच्या आगेमागे खूण पूर्ण मागं येईनाशी होते. तिथून पुढं मायक्रोस्कोप बाजूला ठेवून पट्टी घ्यायची, कारण आता लांबी सेंटीमीटरनं वाढते. याच तारेनं तुटेपर्यंत अर्ध्या मीटरच्या वर लांबी दिलेली आपल्याला दिसेल. टेबलाची उंची आधीच मोजून ठेवा. वजन जमिनीला टेकलं की वाचन कायमचं थांबतं, आणि मुलं समजतात की तार आता ताणत नाही. वजन चढवल्यावर लगेच वाचनही घेऊ नका. या टप्प्यात तार थोडा वेळ हळूहळू लांबत राहते, म्हणून प्रत्येक वजनानंतर सारखाच वेळ थांबायचं. चार किलोच्या पुढं वजनं पन्नास ग्रॅमची वापरायची. समजा 4.4 किलोला तार तुटली. बल 43 न्यूटन, आणि सुरुवातीच्या क्षेत्रफळानं स्ट्रेस 220 मेगापास्कल.

आता तुटलेली तार हातात घ्या. खरं उत्तर तिच्यात आहे. तुटल्या जागेपासून वीतभर लांब कुठंही व्यास मोजा, तो सगळीकडं जवळजवळ सारखा, साधारण 0.43 मिलिमीटर भरतो. तार सबंध लांबीभर सारखी बारीक झालेली आहे. तांब्याचं आकारमान बदलत नाही, म्हणून लांबी 35 टक्के वाढली तर क्षेत्रफळ त्याच प्रमाणात घटणारच. 43 न्यूटनला या नव्या क्षेत्रफळानं, म्हणजे 0.145 नं भागा. स्ट्रेस 296 येतो, 220 नव्हे. मग तुटलेलं टोक मायक्रोस्कोपखाली धरा. शेवटच्या मिलिमीटरभरात तार झपकन निमुळती झालेली दिसते. स्क्रू गेजच्या सपाट जबड्यांत ही जागा नीट मोजता येत नाही. मायक्रोस्कोपच्या आडव्या तारेनं दोन्ही कडा पकडल्या तर टोकाशी व्यास 0.28 च्या आसपास मिळतो. ही तारेची मान.

मान एकाच जागी का पडते, हा यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. तार एक टक्का लांबली की तिचं क्षेत्रफळ एक टक्क्यानं घटतं, म्हणजे तेवढी तिची ताकद जाते. पण ताणल्यानं धातू कडकही होतो. त्याच्या स्फटिकांतले दोष एकमेकांत अडकतात आणि पुढं सरकायला जास्त स्ट्रेस मागतात. सुरुवातीला एक टक्का लांबीमागं कडकपणा एका टक्क्याहून बराच जास्त वाढतो. त्यामुळं एखादी जागा चुकून जरा बारीक झाली तरी ती कडक होऊन स्वतःला सावरते आणि लांबायची पाळी बाजूच्या जागेवर येते. तार सगळीकडं सारखी बारीक होत जाते ती यामुळंच. जसजशी ताणेल तसतसा हा कडकपणाचा वेग मंदावतो. एक टक्का लांबीला एक टक्क्याहून कमी कडकपणा मिळायला लागला की सावरणं संपलं. मग जी जागा आधीच किंचित बारीक आहे तिच्यावर स्ट्रेस जास्त, म्हणून ती जास्त लांबते, म्हणून आणखी बारीक होते, आणि बाकीची तार तिथंच थांबते. आर्माँ कॉन्सिदेर या फ्रेंच इंजिनिअरनं ही अट 1885 मध्ये मांडली. ग्राफचा सर्वांत उंच बिंदू म्हणजे नेमका हाच क्षण.

त्या बिंदूनंतर तारेला लागणारं बल कमी होतं हे खरं आहे. पण टांगलेलं वजन स्वतःहून कमी कसं होईल? तारेला 43 न्यूटन पेलवत नाहीत आणि वजन तर तेवढंच आहे, म्हणून वजन खाली धावतं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं संपतं. म्हणून वहीतला ग्राफ शिखरावरच थांबतो आणि तो तिथंच थांबायला हवा. पुस्तकातली आकृती पाहून शेपूट जोडू नका, ते तुम्ही मोजलेलं नाही. आणखी एक मोह टाळा. 43 न्यूटनला मानेच्या क्षेत्रफळानं भागून तुटतानाचा स्ट्रेस काढू नका. त्या क्षणी वजन खाली पडत असतं, तार पूर्ण 43 न्यूटन पेलत नसते.

उतरणारी रेघ मिळते ती ताणयंत्रावर. तिथं वजन टांगत नाहीत. यंत्राचा जबडा ठरलेल्या वेगानं मागं सरकतो आणि त्याला किती बल लागतं ते मोजलं जातं. मान पडली की लागणारं बल घटतं आणि यंत्र ते प्रामाणिकपणं दाखवतं. पण तिथंही दीड मीटरची तार लावून भागत नाही. शिखरापाशी एवढ्या लांब तारेत काही मिलिमीटर लवचिक ताण साठलेला असतो आणि मान लांबते जेमतेम काही दशांश मिलिमीटर. बल जरा उतरताच सगळी तार आखडते आणि मानेला एका झटक्यात ओढून तोडते. पाचेक सेंटीमीटरचा तुकडा घेतला तर हा साठा अगदी थोडा राहतो आणि उतरण दिसते. समजा अशा तुकड्यावर तुटतानाचं बल 28 न्यूटन आलं आणि मानेचा व्यास तोच 0.28. सुरुवातीच्या क्षेत्रफळानं स्ट्रेस 143, म्हणून ग्राफ 220 वरून 143 पर्यंत उतरलेला दिसतो. मानेच्या क्षेत्रफळानं तोच येतो सुमारे 455. एकच तार, एकच क्षण. फक्त भाजक वेगळा.

तार ठोकळ्यापाशी तुटली तर ते वाचन धरू नका. आवळताना तिथं तार चेपलेली असते. बाकीच्या तारेचा व्यास मोजला तर तो 0.43 पर्यंत उतरलेला नसतो, त्यावरून कळतं की तार आपल्या शिखरापर्यंत पोहोचलीच नव्हती.

यावर मुलं हमखास विचारतात, मग सगळे जुन्या क्षेत्रफळानंच का भागतात? शिरोलीच्या एमआयडीसीत ज्यांचे वडील किंवा काका फाउंड्रीत आहेत त्यांना मी घरीच विचारायला सांगतो. एसजी आयर्न या ओतीव लोखंडाचा 500/7 हा ग्रेड तिथं रोजचा. त्यातला 500 म्हणजे किमान 500 मेगापास्कल, आणि 7 म्हणजे तुटेपर्यंत किमान 7 टक्के लांबी. हा 500 शिखरावरच्या बलाला नमुन्याच्या सुरुवातीच्या क्षेत्रफळानं भागून काढलेला आहे. भाग बनवणाऱ्याला चिंता असते ती एकच, आज ड्रॉइंगवर आहे त्या जाडीला किती बल सोसेल. पुढं तो भाग किती बारीक होईल हे त्याला नको आहे, कारण तिथवर तो जाऊच द्यायचा नाही. खरा स्ट्रेस लागतो तो तार ओढणाऱ्याला आणि पत्रा दाबून भांडी करणाऱ्याला, कारण त्यांचं कामच धातूला शिखराच्या अलीकडं ठेवून जास्तीत जास्त लांबवण्याचं असतं.