साडेसहा हजारांची नोकरी की अकरा हजारांची डिलिव्हरी?

विश्रामबागेतल्या एका मेडिकलमध्ये संध्याकाळी पाच ते नऊ काउंटरवर बसायचं काम मिळत होतं, पगार साडेसहा हजार. त्या वेळी मी सांगली-मिरजेत जेवणाच्या डिलिव्हरी करत होतो आणि चांगल्या महिन्यात खात्यात अकरा हजार येत होते. साडेसहा ऐकून हसूच आलं. तरी नाही म्हणण्याआधी हिशेब मांडला.

गाडीचं रीडिंग रोज सकाळी आणि रात्री वहीत लिहायला लागलो. अ‍ॅपमध्ये दिसतात ते फक्त ऑर्डरीचे किलोमीटर. मिरजेत पार्सल देऊन रिकामं परत यायचं, ते कुणी मोजत नाही. मीटरवर महिन्याला दीड हजार किलोमीटर भरले. गाडी पंचेचाळीसचं ॲव्हरेज देते, म्हणजे १०५ च्या भावानं पेट्रोलच साडेतीन हजारांचं. ऑइल, चेन, ब्रेक, टायर यांचे किलोमीटरमागे पन्नास पैसे धरले, म्हणजे आणखी साडेसातशे. अकरातले हातात राहिले पावणेसात हजार. हॉटेलच्या दारात पार्सलची वाट बघण्यासकट रोजचे सहा तास, सव्वीस दिवस. तासाला त्रेचाळीस रुपये पडले.

मेडिकलला कुपवाडहून जाऊन-येऊन दहा किलोमीटर आणि पाऊण तास. पेट्रोलचे सहाशे वजा केले की पाच हजार नऊशे उरतात. प्रवास धरून पावणेपाच तासांचा दिवस, म्हणजे तासाला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस.

हे झालं चांगल्या महिन्याचं. मे महिन्यात कॉलेजांना सुट्ट्या लागल्या, वालचंदच्या बाजूची होस्टेलची पोरं गावी गेली आणि ऑर्डरी एकदम आटल्या. खात्यात सात हजार आले, खर्च जाऊन चारसुद्धा उरले नाहीत. बायको म्हणाली, "भिशी आणि गाडीचा हप्ता मे महिना बघून थांबतात का?" हे दोन्ही मिळून साडेचार हजार, दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत. म्हणून सरासरी बाजूला ठेवून मी सगळ्यात वाईट महिनाच धरला. त्यात नोकरी दोन हजारांनी पुढे होती.

नोकरीतही खोट आहे. खाडा झाला की अडीचशे कापतात आणि पगारवाढीचं कुणी बोलत नाही. त्यातून जेवणाच्या ऑर्डरींची खरी गर्दी सात ते दहा, आणि मी तेव्हा काउंटरवर. त्यामुळे "दोन्ही कर की" म्हणणाऱ्यांचा सल्ला कागदावरच बरा दिसतो.

शेवटी मेडिकल धरलं. पहिल्याच दिवशी मालकांना विचारून घेतलं, "काका, पगार कितीला?" म्हणाले, सात तारखेला. डिलिव्हरी आता फक्त रविवारी. घरून लांबची, त्यातही मिरजेतून रिकामं परत यावं लागेल अशी ऑर्डर आली की सरळ नाकारतो. रीडिंगची वही अजून डिकीत आहे, कारण पेट्रोल वाढलं की तासाचा भाव पुन्हा काढावा लागतो.