“सांभाळा”

शहराच्या पूर्व भागातल्या एका दुमजली घरात खाली शाळेच्या गणवेशांची शिलाई चालते, वर एक भाडेकरू राहतो. मे महिन्यात ऑर्डरींची घाई असते, तेव्हा मशीन रात्री बारापर्यंत चालायची. शिलाई करणाऱ्या ताई माझ्या वकिलीच्या ऑफिसात आल्या आणि त्यांनी फोन पुढे केला. “मॅडम, हा बघा. यावरच केस घाला.” वरच्या भाडेकरूचा मेसेज होता: ‘माणसं आहात का जनावरं?’

मी म्हटलं, पहिल्यापासून वाचू. तुमची उत्तरंही दाखवा.

पहिला मेसेज साधा होता: ‘ताई, दहानंतर मशीन बंद ठेवाल का? वडिलांना झोप लागत नाही.’ मागणी रास्तच होती. ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र दहा ते सकाळी सहा अशीच धरली आहे. ताईंनी उत्तर दिलं नव्हतं. तिसऱ्या मेसेजात आवाज चढला, पाचव्यात जनावरं आली, सहाव्यात ‘पोलिसांत तक्रार देतो’. ताईंना हीच धमकी वाटत होती. पण कायदेशीर तक्रार करीन असं सांगणं म्हणजे धाकदपटशा नव्हे. ज्या हानीची भीती घातली, ती बेकायदा असावी लागते.

सातवा मेसेज ताईंचा, उत्तराचा होता: ‘आजपासून दहाला बंद.’ आणि तसं केलंही. त्यानंतर चार दिवस शांतता.

मग भर दुपारी आठवा मेसेज: ‘मशीन विकून टाका. तुमची धाकटी साडेसातला क्लासवरून एकटी येते, बोळातला दिवा बंद असतो. सांभाळा.’

यात एकही शिवी नाही. ताईंनी तो काळजीचा समजून सोडून दिला होता. मी मात्र तिथंच थांबले. आवाजाचा विषय संपला होता, तरी मागणी वाढली होती: रात्री बंद ठेवा इथून विकून टाका इथवर. दिवसा शिलाई करायला कायद्याची आडकाठी नाही. त्यात मुलीची वेळ, वाट, अंधार यांचा मशीनशी संबंध काय? भीती घालून, जे करायला माणूस बांधील नाही ते करायला लावणं, हेच भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 मध्ये आहे. हा मेसेज एकटा वाचला तर बचावाचा वकील त्याला सल्लाच म्हणेल. आधीचे सात शेजारी ठेवले की तसं म्हणणं अवघड जातं.

म्हणून काही पुसू नका, असं ताईंना बजावलं. ज्यांना उत्तर दिलं नाही, ते मेसेजही राहू द्या. पूर्ण चॅट, तारीख-वेळेसह, आणि मूळ फोन जपून ठेवायचा. न्यायालयात प्रिंटसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. साध्या धमकीचा गुन्हा अदखलपात्र असतो, त्यामुळे पोलीस नोंद घेतील, पण तपासाला मॅजिस्ट्रेटची परवानगी लागेल, हेही सांगितलं.

अर्ज लिहिताना मी विचारलं, “तो मेसेज आल्यावर तुम्ही काय केलं?”

“काय नाही मॅडम. मशीन साडेसहालाच बंद करते. पोरीला आणायला मीच जाते आता.”

अर्जात तेच वाक्य मी आधी घेतलं.