राखीव स्लाइड क्रमांक १९

मिरज तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात क्षारपड जमिनीच्या सुधारणेचा प्रस्ताव मांडायचा होता. सुमारे साठ एकरांचा सलग तुकडा होता. वर्षानुवर्षे पाट आणि मोटारीच्या पाण्यावर ऊस घेतल्यामुळे भूजल वर आले होते, उन्हाळ्यात जमिनीवर क्षारांची पांढरी फुटत होती आणि काही वाफ्यांत उसाची उगवणच होत नव्हती. जमिनीखाली सुमारे एक मीटर खोलीवर गाळणीचे कापड गुंडाळलेल्या सच्छिद्र पाइप टाकायच्या, त्या एका मुख्य पाइपला जोडायच्या आणि निचऱ्याचे खारे पाणी ओढ्यात सोडायचे, अशी योजना होती. मी कृषी अभियंता म्हणून अशा योजनांची आखणी करते. सादरीकरण देवळाच्या सभामंडपात, सर्व खातेदारांसमोर व्हायचे होते आणि त्याच बैठकीत संमतीपत्रांचा विषय निघणार होता.

अशा बैठकीत मुख्य सादरीकरण वीस मिनिटांचे असते आणि प्रश्नोत्तरे तासभर चालतात. निर्णय त्या तासात होतो. म्हणून मुख्य तेरा स्लाइड तयार झाल्यावर मी खरे काम प्रश्नांवर केले. प्रत्येक स्लाइडवरच्या प्रत्येक आकड्याला "हा कुठून आला?" असे विचारत गेले. पाइपांमधले अंतर, खोली, एकरी खर्च, उत्पन्नात अपेक्षित वाढ, यांपैकी प्रत्येकामागे एक गृहीतक होते आणि मुख्य स्लाइडवर ते दिसत नव्हते. जिथे आकडा दिसतो आणि गृहीतक दिसत नाही, तिथे प्रश्न उभा राहणारच.

मात्र केवळ स्वतःच्या स्लाइड वाचून सगळे प्रश्न सापडत नाहीत, कारण आपल्याला जे खटकत नाही ते ऐकणाऱ्याला खटकते. बैठकीच्या आधी मी आमच्या सर्व्हेअरबरोबर गावात गेले आणि दूध संस्थेच्या ओट्यावर बसून लोकांकडे जुने माती परीक्षण अहवाल मागितले. हेतू माहिती गोळा करण्याचा होता, पण अहवाल दाखवताना लोक आपोआप बोलू लागले. ओढ्याकाठच्या खातेदाराला पुराची काळजी होती. वरच्या अंगाच्या खातेदाराला आपल्या शेतात पाणी साचतच नाही, मग खर्च कशाला, असे वाटत होते. वाटेकरी असलेल्या एकाला पाइप टाकण्याच्या हंगामात ऊस कोणाचा मोडणार, हे हवे होते. योजनेमुळे ज्याचे काही बिघडू शकते, त्याचा प्रश्न सर्वांत धारदार असतो, म्हणून मी तो त्याच्याच शब्दांत लिहून घेतला.

नंतर या प्रश्नांची वाटणी केली. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत माणूस पुढचे ऐकणारच नाही, तो राखीव भागात, म्हणजे कोणी विचारले तरच उघडायच्या स्लाइडमध्ये, ठेवून उपयोग नसतो. "मधल्या एकानेच नाही म्हटले तर?" हा तसा प्रश्न होता, कारण मुख्य पाइप सलग शेतांखालून जाते आणि एका नकाराने तिचा मार्गच बदलतो. तो मी उचलून मुख्य भागात, चौथ्या स्लाइडवर घेतला. जे एका वाक्यात तोंडी सांगता येते, त्याला स्लाइड केली नाही. ज्या उत्तराला आकृती, तक्ता किंवा कागदाचा पुरावा लागतो, तेवढेच राखीव भागात ठेवले: स्लाइड १४ वर प्रश्नांची यादी आणि १५ ते २४ वर एका स्लाइडला एक प्रश्न. मथळा विषयाच्या नावाने न देता प्रश्नाच्याच रूपाने दिला. "मातीची विद्युतवाहकता" असा मथळा पाहून कोणाला आपला प्रश्न ओळखता येत नाही, "माझ्या रिपोर्टात ईसी कमी आहे, मग माझी जमीन क्षारपड कशी?" असा मथळा असला की विचारणारा सरसावून बसतो. ईसी म्हणजे हीच विद्युतवाहकता, मातीतल्या क्षारांचे माप. मथळ्याखाली एका ओळीत उत्तर आणि त्याखाली एकच आकृती किंवा तक्ता, यापेक्षा जास्त काही ठेवले नाही.

यांत्रिक बाजूही आधी तपासावी लागते. पॉवरपॉइंटमध्ये या स्लाइड `Hide Slide` ने लपवल्या, म्हणजे शेवटच्या मुख्य स्लाइडनंतर चुकून बटण दाबले गेले तरी त्या एकामागून एक उघडत नाहीत. लपवलेली स्लाइडही सादरीकरण चालू असताना तिचा क्रमांक टाइप करून `Enter` दाबले की थेट उघडते. हातातल्या रिमोटवरून मात्र क्रमांक टाकता येत नाही, त्यामुळे आमचा एक सहकारी लॅपटॉपजवळ बसला आणि त्याच्यापुढे प्रश्न व क्रमांक लिहिलेला पुठ्ठा ठेवला. वीज जाईल म्हणून राखीव स्लाइडच्या मोठ्या छापील प्रतीही घेतल्या. छापताना `Print Hidden Slides` हा पर्याय चालू आहे ना, ते पाहिले पाहिजे, नाहीतर नेमकी हीच पाने छापून येत नाहीत.

बैठकीत खर्चाची स्लाइड संपताच वरच्या अंगाचे एक आबा उठले. खिशातून घडी घातलेला अहवाल काढून म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणताय चारच्या वर ईसी गेली की जमीन क्षारपड. माझ्या कागदावर १.६ हाय. मग मी पैसं कशाला भरू?" सभामंडपात कुजबुज सुरू झाली, कारण तसे कागद अनेकांच्या घरात होते. बैठक तिथेच फिरू शकली असती.

सहकाऱ्याने स्लाइड १९ उघडली. तिच्यावर एकच तक्ता होता: आबांच्या शेजारच्या गटातला मातीचा एकच नमुना, दोन पद्धतींनी तपासलेला. नेहमीच्या माती परीक्षणात एक भाग माती आणि अडीच भाग पाणी मिसळून त्या द्रावणाची विद्युतवाहकता मोजतात. चारची मर्यादा मात्र संपृक्त अर्काची आहे, म्हणजे मातीत ती पुरती भिजेल एवढेच पाणी घालून, त्यातून ओढून काढलेल्या पाण्याची. पहिल्या पद्धतीत पाणी जास्त असल्याने क्षार पातळ होतात आणि आकडा लहान दिसतो. त्या नमुन्याची पहिल्या पद्धतीने १.६ आणि दुसऱ्या पद्धतीने ५.८ डेसिसायमन प्रति मीटर अशी नोंद आली होती. दोन्ही आकडे बरोबर होते; पहिला आकडा दुसऱ्याच्या मर्यादेशी ताडून पाहणे तेवढे चूक होते.

आबांनी लगेच विचारले, "म्हंजे माझा आकडा साडेतीननं गुणायचा का?" तसे करू नका, असे मी सांगितले, कारण हे प्रमाण मातीतल्या चिकणमातीनुसार बदलते आणि शेजारच्या गटाचा गुणक त्यांच्या शेताला लावता येत नाही. त्यांच्या शेताचा नमुना संपृक्त अर्काने तपासून घेणे हाच मार्ग होता. त्याच स्लाइडच्या तळाशी दुसरी ओळ होती: संपृक्त अर्काची वाहकता १.७ पर्यंत उसाला फारसा फरक पडत नाही, त्यापुढे दर एककामागे उत्पादन सुमारे ५.९ टक्क्यांनी घटते. हे प्रमाण क्षारसहनशीलतेच्या प्रचलित तक्त्यांतले आहे. ५.८ ला ही घट जवळपास २४ टक्के येते. आबांनी हिशेब मनातल्या मनात केला आणि आपल्या दोन गटांतल्या उताऱ्यातला फरक स्वतःच लोकांना सांगितला. माझ्या तक्त्यापेक्षा त्या सांगण्याचा परिणाम मोठा होता. तरी तो तक्ता नसता, तर मला केवळ "तुमचा कागद वेगळ्या पद्धतीचा आहे" एवढेच म्हणता आले असते आणि ते कोणाला पटले नसते.

त्यानंतर ओढ्याकाठचे खातेदार बोलले. प्रश्न अपेक्षित होता: पूर आला की ओढ्याचे पाणी पाइपातून उलटे शेतात येईल का? स्लाइड २१ वर ओढ्याचा छेद काढलेला होता. पाइपांना लागणारा उतार धरून मुख्य पाइपचे तोंड जमिनीच्या पातळीखाली १.७ मीटरवर येत होते. ओढ्याचा तळ २.४ मीटरवर होता आणि पावसाळ्यात एरवी त्यात अर्धा मीटर पाणी असते, म्हणजे पाण्याची पातळी १.९ मीटरवर राहते आणि तोंड २० सेंटिमीटरने मोकळे राहते. पुरात ते बुडणार, हे स्लाइडवर स्पष्ट लिहिले होते. पाणी उलटे येऊ नये म्हणून तोंडाला एका दिशेने उघडणारी झडप दाखवली होती आणि तिच्यात काडीकचरा अडकला तर ती मिटत नाही, हेही. तोंड बुडालेले असेपर्यंत निचरा थांबतो आणि ओढा उतरल्यावर पुन्हा सुरू होतो. २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, तशा महापुरात ही योजना शेताला वाचवत नाही, हे मी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवले. मर्यादा आपणहून सांगितली नाही, तर पुढचा प्रत्येक आकडा संशयाने ऐकला जातो.

त्या खातेदारांचे यावर समाधान झाले, पण मागे बसलेल्या एका ताईंनी हात वर केला. सातबारा त्यांच्या नावावर होता. त्या म्हणाल्या, "पुराचं ठीक हाय. पर ओढा दर साली गाळानं भरतुया. तळच वर आला तर?"

हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. छेद मात्र पडद्यावर होता आणि उत्तराचा अर्धा भाग त्याच्यातच होता. ३० सेंटिमीटर गाळ साचला तर तळ २.१ मीटरवर येतो, त्यावर तेच अर्धा मीटर पाणी धरले तर पातळी १.६ वर जाते आणि पाइपचे तोंड पूर न येताही १० सेंटिमीटर पाण्याखाली राहते. मी हे आकडे पडद्यावरच्या छेदावर बोट ठेवून एकेक करून दाखवले. म्हणजे ताईंची शंका खरी होती आणि ती पुराच्या शंकेपेक्षा गंभीर होती, कारण पूर उतरतो, गाळ आपोआप निघत नाही. मग ताईंनीच पुढे विचारले, "मग ह्यो गाळ काढायचा कुणी?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि सोबतच्या कोणाकडेही नव्हते. मी तो प्रश्न त्यांच्या शब्दांत वहीत लिहिला, सर्वांना वाचून दाखवला आणि याचे उत्तर लेखी आणल्याशिवाय संमतीपत्रे घेणार नाही, असे सांगितले. त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. काही जण त्यामुळे नाराज झाले, तरी मला तोच निर्णय योग्य वाटला.

पुढच्या बैठकीपूर्वी सर्व्हेअरने ओढ्याच्या तळाची पातळी चार ठिकाणी घेतली. तोंडाच्या खालच्या बाजूला जुन्या मोरीपाशी गाळाचा उंचवटा होता आणि तोच पाणी मागे तुंबवत होता. लाभधारकांच्या गटाच्या करारात दरवर्षी मेअखेर तोंडापासून मोरीपर्यंतचा गाळ गटाच्या निधीतून काढण्याचे कलम घातले. पाइपच्या तोंडाजवळ पातळी दाखवणारा खांब बसवायचे ठरले, म्हणजे गाळ कधी काढायचा हे डोळ्यांना दिसेल. हे सारे एका नव्या स्लाइडवर आले, मथळा ताईंच्याच शब्दांत ठेवला आणि ती लपवलेल्या भागात न ठेवता मुख्य भागात, खर्चाच्या स्लाइडच्या आधी घेतली. आबांनी दरम्यान आपला नमुना संपृक्त अर्काने तपासून घेतला होता. त्यांचा आकडा ४.९ आला आणि तो त्यांनी स्वतः वाचून दाखवला.