तीन नंबरवर अडकलेला कंट्रोलर

भोसरीतल्या एका कारखान्यात कूलिंग पंपासाठी आमचा कंट्रोलर बसवला होता. आठवड्यातून एकदा तरी तो अडकायचा. तिथल्या ऑपरेटर काकांचं उत्तर ठरलेलं, "साहेब, पॉवर बंद-चालू केली की चालतो." त्या दिवशी मात्र मी त्यांना फोनवरच सांगितलं, "काका, हात लावू नका, मी येतोय."

पोचलो तेव्हा डिस्प्लेवर तापमान ४२ अंशांवर थिजलं होतं, पण हिरवा एलईडी नेमाने लुकलुकत होता. तिथेच चूक कळली. एलईडी टायमर इंटरप्टमधून लुकलुकतो आणि वॉचडॉगही मी तिथूनच किक करत होतो. मेन लूप मेला तरी इंटरप्ट चालूच, मग वॉचडॉगला कळणार कसं?

चिप STM32F103. किक मेन लूपच्या शेवटी, एकाच जागी आणली आणि मुदत साधारण २ सेकंद ठेवली. फार घट्ट ठेवून चालत नाही, कारण वॉचडॉगचं आतलं घड्याळ नावाला ४० किलोहर्ट्झ असलं तरी ३० ते ६० मध्ये कुठेही असू शकतं. शिवाय प्रत्येक काम सुरू करण्याआधी त्याचा नंबर बॅकअप रजिस्टरमध्ये लिहायला लावला. तो नंबर रीसेटनंतर टिकतोच, आणि बोर्डावर आरटीसीचा सेल असल्याने वीज गेली तरी टिकतो. बूट होताच सगळ्यात आधी हे:

```c
uint32_t why = RCC->CSR;
RCC->CSR |= RCC_CSR_RMVF;
```

दुसरी ओळ राहिली तर जुनी कारणं साचत जातात. आणि `PINRSTF` शेवटी तपासायचा, कारण वॉचडॉगने रीसेट केला तरी तो बिट लागतोच. आधी तोच पाहिला, तर प्रत्येक वेळी कोणीतरी रीसेटचं बटण दाबलं असंच वाटेल.

चार दिवसांनी काकांचा फोन आला, "दीड मिनिट झालं, पॅनेल सारखं बंद-चालू होतंय." नोंद वाचली: `IWDGRSTF`, लागोपाठ ४१ वेळा, प्रत्येक वेळी काम नंबर ३. म्हणजे तापमानाचा सेन्सर, आयटूसीवरचा. पंपाचा कॉन्टॅक्टर पडताना आलेल्या नॉइजने सेन्सर अर्ध्या बाइटवर अडकून एसडीए लाइन खाली ओढून बसला होता, आणि माझा कोड स्टार्ट बिटची वाट पाहत कायमचा थांबत होता. वॉचडॉग कंट्रोलर रीसेट करतो, सेन्सरची पॉवर काढत नाही. म्हणून दर वेळी तेच. काकांचं बंद-चालू करणं चालायचं ते याचमुळे, कारण त्यात सेन्सरचीही पॉवर जायची.

मग त्या थांबण्याला १० मिलिसेकंदांची मर्यादा घातली. बूट होताना एसडीए खाली दिसली, तर एससीएलवर ९ पल्स देऊन स्टॉप पाठवतो. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर लावला. नंतर नोंद वाचली तेव्हा `IWDGRSTF` एकदाही नव्हता, पॉवर गेल्याच्या नोंदी तेवढ्या होत्या, आणि त्या वीज गेल्याच्या वेळांशी जुळत होत्या.