माणग्याची पडवी: औषध आत गेलं का, आणि सांधे

घराच्या पडवीसाठी बांबूच्या बेटातल्या काठ्या तोडून, कीड लागू नये म्हणून औषध भरून, सुकवून झाल्या आहेत. खांब उभे आहेत, वासे चढवायचं चाललंय. सिंधुदुर्गातलं काम आहे, त्यामुळे बांबू अर्थातच माणगा. काटे नाहीत, काठी सरळ आणि बुंध्याकडे जवळजवळ भरीव. बांबूकाम करणाऱ्या कुडाळच्या कोनबॅक संस्थेने याच माणग्यात मोठमोठी बांधकामं केली आहेत, तेव्हा पडवीपुरती ताकदीची चिंता नव्हती. चिंता होती ती औषधाची, म्हणून आधी तेच सविस्तर लिहितो.

बांबूत आडव्या दिशेने रस वाहून नेणाऱ्या वाहिन्या जवळपास नसतातच. ज्या आहेत त्या सगळ्या बुंध्यापासून शेंड्याकडे, उभ्या. बाहेरची साल मेणचट आणि सिलिकाने भरलेली, तिच्यातून पाणी आत शिरत नाही. पोकळ बांबूत लांब सळईने आतले पडदे फोडतात आणि काठी टाकीत बुडवतात, मग द्रावण आतल्या भिंतीकडून मुरतं. माणग्याच्या बुंध्याला पोकळीच नसल्यागत, तिथे सळई घालायची कुठे? टाकीत बुडवायचाच झाला तर प्रत्येक पेरात बारीक भोकं पाडावी लागतात. ज्या भरीवपणासाठी आपण माणगा निवडतो तोच औषधाच्या आड येतो.

म्हणून बुशेरीची पद्धत घेतली. 19व्या शतकात फ्रान्समध्ये ऑगस्त बुशेरी यांनी लाकूड टिकवण्यासाठी ती काढली, पुढे तारेच्या खांबांसाठी ती वापरली गेली. ओल्या लाकडाच्या एका टोकाला दाबाखाली द्रावण लावायचं, म्हणजे ते आतल्या रसाला पुढे ढकलत दुसऱ्या टोकाने बाहेर काढतं. बांबूच्या उभ्या वाहिन्या याला अगदी सोयीच्या. लोक त्यासाठी कॉम्प्रेसर वापरतात. आमच्याकडे घरामागे डोंगर आहे. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याला साधारण एक बार दाब मिळतो. पिंप वरच्या मळ्यात ठेवलं आणि पाइप खाली आणला, उंची त्याच्या आसपास भरली.

द्रावण 100 लिटर पाण्याला 4 किलो बोरिक ॲसिड आणि 6 किलो बोरॅक्स. दोन्ही एकत्र घातली की एकेकटी विरघळतील त्याहून जास्त विरघळतात, पण पाणी कोमट हवं आणि ढवळायचा कंटाळा करून चालत नाही. वर कापड बांधून गाळूनच पाइपात सोडा, गाळ वाहिन्यांची तोंडं बुजवतो. बुंध्यावर स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून दोन क्लिपा आवळल्या की जोडणी झाली.

वेळेची शिस्त मात्र कडक आहे. काठी तोडल्यावर वाहिन्यांची तोंडं बंद व्हायला लागतात, म्हणून सकाळी तोडलेली काठी त्याच दिवशी लावायची आणि लावण्याआधी बुंध्याची एक ताजी चकती कापून टाकायची. काठी तीन वर्षांच्या वरची हवी, पण फार जुनीही नको, म्हाताऱ्या काठीतून रस नीट सरकत नाही. वय ओळखायला कोंब आले त्या वर्षीच रंगाची खूण करून ठेवणं सगळ्यात बरं. नाहीतर खोडावरचा पांढरा भुरका गेलाय का, साल निस्तेज होऊन दगडफुलाचे ठिपके आलेत का, ते पाहायचं.

शेजारचे आबा कुंपणापाशी येऊन विचारून गेले, "अमावाश्येक तोडलंस मां?" म्हटलं, आबा, चंद्राचं राहू दे, पावसाळा संपल्यावर तोडलाय. पावसात कोंब वाढताना बेटातला साठलेला स्टार्च खर्ची पडतो आणि बांबू पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला हवा असतो तो स्टार्चच. त्यांच्या लहानपणी काठ्या व्हाळात दगडाखाली दाबून ठेवत, त्यामागेही तेच, स्टार्च पाण्यात निघून जातो. त्याने भुंगेरा लांब राहतो, वाळवी मात्र येतेच.

शेंड्याकडून आधी नितळ रस टपकतो. तो औषध समजून नळ बंद केला की काठी अर्धीच भरते. टपकणारं पाणी हायड्रोमीटरने पाहत राहायचं. त्याची घनता पिंपातल्या द्रावणाच्या जवळ आली की काठी भरली. हे टपकलेलं पाणी बादलीत धरून घनता जुळवून परत वापरा, शेतात सोडू नका. द्रावणातलं बोरॉन जास्त झालं की झाडांना मारतं.

खरी खात्री हळदीने होते. सुकलेल्या काठीची मधूनच एक चकती कापायची आणि तिच्यावर स्पिरिटमध्ये भिजवून गाळलेल्या हळदीचं पाणी लावायचं. चकती पिवळी होते. पण नुसतं लाल झालं म्हणून विश्वास ठेवू नका. बोरॅक्स अल्कधर्मी आहे, आणि हळद चुन्याने लाल होते तशी त्यानेही होते. म्हणून वर स्पिरिटात पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड लावायचं, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. अल्कामुळे आलेला लाल रंग परत पिवळा होतो, बोरॉनमुळे आलेला लाल तसाच राहतो. आमच्या चकत्यांवर आतला भाग एकसारखा लाल आला आणि सालीलगत बारीक पिवळी कड उरली. तिथे वाहिन्या बारीक असतात, ती कड राहते. मधेच पिवळी फाक दिसली तर त्या वाहिन्या बुजलेल्या होत्या असं समजायचं आणि ती काठी मांडवाला लावायची.

काठ्या सावलीत उभ्या करून सुकवल्या, घाई केली नाही. ओल्या बांबूवर सांधा केला तर पुढे बांबू आकसतो आणि बोल्ट, दोरी दोन्ही सैल पडतात.

आता सांधा. खिळा बांबूला फाडतो, हे इथे कुणाला सांगायला नको. आमचा मुख्य सांधा असा: मधे खांब, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक आडवी काठी आणि तिघांतून आरपार 10 मिलिमीटरचा थ्रेडेड रॉड, दोन्हीकडे रुंद वॉशर. भोक गाठीजवळ घ्यायचं आणि आडव्या काठीच्या टोकाला भोकाच्या पलीकडे एक तरी गाठ शिल्लक ठेवायची. पलीकडे नुसतं पेर असेल तर ओझं आलं की रॉड धाग्यांमधून फट पाडत टोकापर्यंत सरकतो. पोकळ बांबूत नट आवळताना भिंत दबते, म्हणून कोलंबियात सिमोन व्हेलेझ यांच्या कामात बोल्टच्या पेरात सिमेंटचा मसाला भरतात. भरीव माणग्याला त्याची गरज पडत नाही. शेंड्याकडच्या पोकळ भागात मात्र मी बोल्ट टाळला आणि काथ्याच बांधला.

प्रत्येक भोक आणि काप म्हणजे भुंगेऱ्याला आत जायची नवी वाट. म्हणून रॉड घालण्याआधी भोकात त्याच द्रावणाचा बोळा फिरवतो.

बोरॉन बांबूला चिकटून बसत नाही, पावसाने धुऊन जातो. त्यामुळे औषध भरलेली काठीही जमिनीत पुरायची नाही. आमचं जोतं जांभ्याचं, आणि जांभा पाणी ओढतो. म्हणून चिऱ्यावर सिमेंटचा छोटा ठोकळा, त्यातून वर आलेली सळई, तिच्यावर लोखंडी पट्टी आणि मग खांब. खांबाच्या तळाला बुंध्याकडून भोक पाडून सळई आत घेतली आहे. वळचण जवळजवळ मीटरभर बाहेर काढतोय, तरी पश्चिमेची झड तिरकी येतेच. त्या बाजूला पावसाळ्यापुरते झाप बांधायचे ठरलंय, आणि तिकडच्या दोन आडव्या काठ्या बाकी काही न मोडता काढता येतील अशाच लावल्या आहेत.

पुढचं काम रिपांचं. कौलांचं वजन चढल्यावर सगळे नट एकदा तपासीन, आणि पावसाळ्यानंतर काठ्यांखाली भुंगेऱ्याने पाडलेल्या पिवळसर पिठाची ढिगुळी दिसते का ते पाहीन. दिसलीच तर टाचणीएवढं भोक तिच्या बरोबर वर सापडतं.