समासातला अंदाज

दहावीला आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा एक नियम होता. उदाहरणाचं उत्तर आलं की त्याखाली लगेच दोन रेघा मारायच्या नाहीत. आधी समासात लिहायचं, उत्तराचं एकक काय आणि ते साधारण केवढं असायला हवं. समास कोरा असला तर बरोबर उत्तराचाही अर्धा गुण जाई. वर्गात त्यावरून कुरकुर चाले. पण मी आज भोसरीत सर्किटं तपासण्याचं काम करतो आणि शाळेच्या या सुवर्णमहोत्सवी अंकात मला त्या समासाबद्दलच लिहावंसं वाटतं.

बाईंनी फळ्यावर घातलेलं एक उदाहरण मला अजून पाठ आहे. 9 व्होल्टची बॅटरी, तिला 4.7 किलोओहमचा रोध जोडलाय. त्या रोधात किती शक्ती खर्च होते? आधी विद्युतधारा काढायची. 9 भागिले 4.7, म्हणजे 1.9. व्होल्टला किलोओहमने भागलं की मिलिअँपिअर मिळतात, हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. इथपर्यंत सगळे बरोबर. मग I²R. 1.9 चा वर्ग 3.6, त्याला 4.7 ने गुणलं की 17. मिलि आणि किलो एकमेकांना छेदून जातात, म्हणून उत्तर 17 वॅट. फळ्यापाशी गेलेल्या मुलाने असं लिहिलं आणि अर्ध्या वर्गाच्या वहीतही तेच होतं.

“एकक तपासलंस?” बाईंनी विचारलं.

“हो बाई. अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम म्हणजे वॅट. बरोबर येतंय.”

खरंच बरोबर येत होतं. पेच तिथेच आहे. सूत्र चुकलं असतं, धारेऐवजी चुकून व्होल्ट घातले असते, तर एककाने चूक लगेच दाखवली असती. पण वॅट आणि मिलिवॅट ही एकाच राशीची एककं. हजारपटीची चूक त्या तपासणीतून बिनबोभाट निसटते.

बाईंनी टेबलाच्या खणातून तपकीर गल्लीतून आणलेला रोध काढला. पाव वॅटचा, तांदळाच्या दाण्याएवढा. शेजारी प्रयोगशाळेतलं सोल्डरिंग आयर्न ठेवलं. “हे 25 वॅटचं. शिसं वितळवतं. तुझ्या हिशेबाने हा एवढासा रोध 17 वॅट खातोय. चालू सर्किटात याला बोट लावशील का रे?”

मग चूक कुठे झाली ते त्यांनी सावकाश दाखवलं. धारेचा वर्ग होतो, तेव्हा तिच्या मागच्या मिलिचाही वर्ग होतो. एक हजारांशाचा वर्ग म्हणजे एक दशलक्षांश. किलो त्यातला एक हजार भरून काढतो, तरी एक मिलि उरतोच. उत्तर 17 मिलिवॅट. पाव वॅट म्हणजे 250 मिलिवॅट, त्यामुळे रोध नुसता कोमटसुद्धा व्हायचा नाही.

वर्ग सोडून दुसऱ्या वाटेने जायलाही त्यांनी शिकवलं. बॅटरी देते किती? 9 व्होल्ट गुणिले 1.9 मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे 17 मिलिवॅट. बॅटरी देते त्याच्या हजारपट रोध खर्च करूच शकत नाही. मला ही तपासणी सगळ्यात आवडते, कारण तिला कुठलीच माहिती पाठ लागत नाही.

अंदाज काटेकोर नसला तरी चालतो. 9 ला 10 म्हणा, 4.7 ला 5. धारा 2 मिलिअँपिअर, शक्ती 20 मिलिवॅट. 17 आणि 20 मधला फरक इथे नगण्य, कारण किलो-मिलिची गल्लत हजारपटीची होते, आणि दोन्हीकडून चुकलं तर दशलक्षपटीची.

कामावर ही गल्लत कागदापेक्षा मीटरवर जास्त दिसते. आपोआप रेंज बदलणाऱ्या मीटरवर आकडे ठळक असतात आणि k किंवा m कोपऱ्यात बारीक. नवी मुलं आकडे उतरवतात, कोपरा राहून जातो. म्हणून आमच्या तपासणीच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवून घेतला आहे. मीटर लावण्याआधीचा अंदाज त्यात पेनाने लिहायचा आणि नंतर खोडायचा नाही. अंदाज 2 मिलिअँपिअर आणि नोंद 1.9 अँपिअर, असं शेजारी शेजारी दिसलं की कोणी सांगावं लागत नाही.

मात्र हा समास दुप्पट-निमपटीची चूक पकडत नाही. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची, पण तिचं शिखर सुमारे 325 व्होल्टपर्यंत जातं. कपॅसिटर निवडताना कोणी 2 चं वर्गमूळ विसरून 250 व्होल्टचा लावला, तर एककही बरोबर आणि आकारही पटण्यासारखा, तरी कपॅसिटर फुटायचा. अशा ठिकाणी सूत्र पहिल्या ओळीपासून पुन्हा मांडावं लागतं, आणि मी ते मांडायला लावतो.